वास्तुशांती पुढे ढकलताना

नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली, गुरुजी ठरले, केटररला विसार दिला, आणि चार दिवस आधी चुलत काका गेल्याचा फोन आला. वास्तुशांती रद्द होण्याचे हे नेहमीचे कारण. दुसरे तितकेच नेहमीचे कारण म्हणजे बिल्डरने ताबा लांबवणे. दोन्ही वेळा गुरुजींना फोन करायचाच असतो. पण नवी तारीख कशी निघणार, हे त्या कारणावर ठरते.

बहुतेक यजमान फोनवर विचारतात, ‘पुढच्या रविवारी जमेल का?’ गुरुजींना मात्र आधी हवे असते ते कारण आणि अडचण कधी संपते तो दिवस. सुतक असेल तर मृत व्यक्तीशी नाते काय आणि निधन कोणत्या दिवशी झाले, हे सांगावे लागते, कारण नात्याप्रमाणे सुतकाचे दिवस बदलतात. जवळच्या भावकीत ते साधारणपणे दहा दिवस पाळतात. घरात बाळ जन्मले तर सोहेर येते, त्याचीही अशीच मोजणी होते. ताबा लांबला असेल तर बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर तारीख धरण्यात अर्थ नसतो. किल्ली प्रत्यक्ष मिळाल्यावरच मुहूर्त पाहिलेला बरा.

सुतकाच्या बाबतीत शास्त्राने एक सवलत ठेवली आहे. वास्तुशांतीच्या सुरुवातीला पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध होते. नांदीश्राद्ध झाल्यावर निधनाची बातमी आली, तर सुरू झालेले कार्य थांबवत नाहीत. बातमी त्याआधी आली, तर मात्र ते पुढे ढकलावे लागते.

पुढे ढकलणे म्हणजे काय, हे 2026 च्या पंचांगावरून नीट दिसते. समजा, पुण्यातल्या एका कुटुंबाने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वास्तुशांती ठरवली आणि 6 मे रोजी भावकीत निधन झाले. दहा दिवसांचे सुतक 15 मे रोजी फिटते. ‘मग त्यानंतरच्या आठवड्यात उरकून घेऊ’ असे घरच्यांना वाटते. पण 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, तो 15 जूनपर्यंत चालतो, आणि अधिक मासात वास्तुशांतीचे मुहूर्त धरत नाहीत. मग उरतो निज ज्येष्ठ, 16 जून ते 14 जुलै. त्यानंतर जुलैच्या मध्याला गुरूचा अस्त होतो आणि 25 जुलैला आषाढी एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो. काही पंचांगे श्रावणातही मुहूर्त देतात, पण अनेक घरांत चातुर्मास टाळण्याचीच रीत आहे. म्हणजे दहा दिवसांच्या सुतकामुळे कार्य महिनाभर पुढे जाते, आणि तेही हुकले तर थेट तुळशीच्या लग्नानंतर.

अशा अरुंद काळात सगळ्यांनाच तारखा हव्या असतात. म्हणून गुरुजींना एकच तारीख विचारण्यापेक्षा दोन-तीन पर्याय मागावेत. यादीतले सगळे मुहूर्त सुट्टीच्या दिवशी येत नाहीत, तेव्हा आठवड्यातला मधला वार चालेल का, हे घरात आधीच ठरवलेले बरे. मुहूर्ताची वेळ किती ते किती, हेही विचारून घ्यावे. पूजा, होम आणि बलिदान धरून विधी चार-पाच तास चालतो, त्यामुळे पाहुण्यांना जेवणाची वेळ त्या हिशेबाने सांगता येते.

गुरुजींचीही एक बाजू असते. त्या दिवसासाठी त्यांनी दुसऱ्या यजमानाला नकार दिलेला असतो. उदकशांतही असेल तर सोबतीला आणखी ब्राह्मण सांगितलेले असतात आणि त्यांचाही दिवस मोकळा जातो. कळवायला उशीर झाला असेल तर विसार नव्या तारखेला वळता होईल की नाही, हे स्पष्ट विचारावे. सामान कोण आणणार होते, तेही त्याच फोनवर बोलून घ्यावे. समिधा, सुपाऱ्या, हळकुंडे, वास्तुपुरुषाची प्रतिमा ठेवून वापरता येते. फुले, पाने आणि फळे यांची ऑर्डर मात्र लगेच थांबवावी लागते.

फोन झाल्यावर एक लेखी निरोप पाठवला की घोळ राहत नाही: ‘गुरुजी, नमस्कार. भावकीत निधन झाल्याने आमची वास्तुशांती रद्द करत आहोत. सुतक 15 मेला फिटेल. निज ज्येष्ठातले दोन-तीन मुहूर्त वेळेसह कळवावेत. दिलेला विसार त्याच कार्यासाठी धरता येईल का?’

भाड्याचे घर सोडायची मुदत संपत आली असेल, तर तेही गुरुजींच्या कानावर घालावे. सुतक फिटल्यावर काही गुरुजी साधे गणेशपूजन आणि कलश ठेवून राहायला जायला सांगतात आणि वास्तुशांती पुढच्या मुहूर्तावर करतात. काही जण मात्र वास्तुशांतीआधी राहायला जाऊ नये, या मताचे असतात. त्यामुळे ट्रक ठरवण्याआधीच ते विचारलेले बरे.