हृदयाचा स्वतःचा वेग शंभर, मग आपली नाडी सत्तर कशी?

शांत बसलेल्या धडधाकट माणसाची नाडी मोजली तर मिनिटाला साधारण ६० ते ८० ठोके भरतात. हाच हृदयाचा मूळ वेग आहे, असं बहुतेकांना वाटतं. पण तसं नाही. मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या मज्जातंतूंचा परिणाम औषधांनी तेवढ्यापुरता बंद केला, तर विशीतल्या माणसाचं हृदय बसल्या जागी मिनिटाला शंभराच्या थोडं वरच धावू लागतं. पन्नाशीत हा आकडा नव्वदच्या आसपास येतो. म्हणजे आपली सत्तरची नाडी हा हृदयाचा स्वतःचा वेग नसून ब्रेक लावून धरलेला वेग आहे. हा ब्रेक नेमका कुठे लागतो, आणि तो निकामी झाला तर ओळखायचं कसं, ते आज आपण पाहू. घरात कुणाला दहा-पंधरा वर्षांपासून शुगर असेल तर शेवटचा भाग जरा सावकाश वाचा.

आधी ठोका सुरू कुठे होतो ते बघू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, जिथे अंगाच्या वरच्या भागाचं रक्त आणणारी मोठी शीर उघडते, तिथे एक-दोन सेंटिमीटर लांबीचा एक पट्टा आहे. त्याला सायनो-एट्रियल नोड किंवा थोडक्यात एस. ए. नोड म्हणतात. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचं वर्णन केलं. फ्लॅक तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेणारा विद्यार्थी होता. शस्त्रक्रिया करून छातीत बसवतात ते पेसमेकर नावाचं यंत्र सगळ्यांना माहीत असतं. हा पट्टा म्हणजे जन्मजात पेसमेकर.

प्रत्येक पेशीच्या आतला वीजदाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे ऋण असतो. हृदयाच्या साध्या स्नायूपेशीत तो दोन ठोक्यांच्या मधे उणे ९० मिलीव्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. ती पेशी हुकुमाची वाट बघत बसते. एस. ए. नोडच्या पेशीला असं बसणं माहीतच नाही. ठोका संपला की तिचा वीजदाब सुमारे उणे ६० पर्यंत खाली येतो, आणि लगेच, कुणी न सांगता, वर चढायला लागतो. उणे ४० च्या आसपास पोचला की कॅल्शियमचे दरवाजे धाडकन उघडतात, पेशी पेटते आणि तोच हुकूम साऱ्या हृदयात पसरतो. मग पोटॅशियम बाहेर पडतं, दाब पुन्हा उणे ६० वर येतो आणि चढण नव्याने सुरू. या संथ चढणीलाच पेसमेकर पोटेन्शियल म्हणतात. नाडीचा सगळा हिशोब या चढणीत आहे.

चढण आपोआप सुरू होते कशी? पेशीच्या पडद्यातले विजेवर चालणारे बहुतेक दरवाजे दाब वाढला की उघडतात. या पेशीत एक प्रकारचा दरवाजा उलट वागतो: दाब खाली गेला की उघडतो. म्हणजे ठोका संपणं हेच त्याच्यासाठी उघडण्याचं निमित्त. तो उघडला की सोडियम हळूहळू आत झिरपतं आणि दाब वर सरकतो. १९७९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये हिलरी ब्राऊन, दारिओ दिफ्रान्चेस्को आणि सुझन नोबल यांनी सशाच्या हृदयावर काम करताना हा प्रवाह मांडला. त्याचं वागणं इतकं विचित्र वाटलं की नावच पडलं ‘फनी करंट’. आजही शास्त्रीय लेखांत हेच नाव चालतं. चढणीच्या शेवटच्या टप्प्यात कॅल्शियमही हातभार लावतं, त्यातलं काही पेशीच्या आतल्या साठ्यातून सुटलेलं. कुणाचा वाटा किती, यावर संशोधकांचा वाद अजून चालू आहे. फनी करंटचा वाटा खरा आहे, एवढं मात्र एका औषधावरून दिसतं. हार्ट फेल्युअरच्या काही पेशंटना आयवाब्रॅडिन नावाची गोळी देतात. ती मुख्यतः हाच दरवाजा अडवते, आणि नाडी कमी होते.

आता हिशोब करू. आकडे सोपे धरलेत, पण खऱ्याच्या जवळ आहेत. समजा चढण उणे ६० पासून उणे ४० पर्यंत, म्हणजे २० मिलीव्होल्टची आहे, आणि एक मिलीव्होल्ट चढायला ३० मिलिसेकंद लागतात. चढणीला ६०० मिलिसेकंद झाले. पेशी पेटून पुन्हा खाली यायला २०० धरा. एका ठोक्याला एकूण ८०० मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. ही झाली बसलेल्या माणसाची नाडी. आता मज्जातंतू बाजूला काढा: चढण जरा उभी होते, मिलीव्होल्टला २० मिलिसेकंद. मग ४०० अधिक २००, म्हणजे ६०० मिलिसेकंद आणि मिनिटाला १००. हाच तो हृदयाचा स्वतःचा वेग.

ब्रेक लावणारा मज्जातंतू म्हणजे व्हेगस. तो मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत आणि पुढे पोटात जातो. त्याच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. ते दोन कामं करतं. पोटॅशियमचे वेगळे दरवाजे उघडून पेशीला आणखी खाली ढकलतं, आणि फनी दरवाजे मंद करून चढण सपाट करतं. गाढ झोपेत व्हेगसचा जोर वाढतो. समजा सुरुवात उणे ६० ऐवजी उणे ६५ वरून झाली आणि मिलीव्होल्टला ४० मिलिसेकंद लागू लागले. २५ मिलीव्होल्टना १००० मिलिसेकंद, वर पेटण्याचे २००: मिनिटाला ५० ठोके. रात्री घड्याळातल्या सेन्सरने पन्नास दाखवले म्हणून निरोगी तरुण माणसाने घाबरायचं कारण नसतं, ते यामुळे.

दुसरी बाजू सिंपथेटिक मज्जातंतूंची. त्यांच्यातून नॉरअ‍ॅड्रिनलिन सुटतं. त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढतो, तो थेट फनी दरवाज्याला चिकटतो आणि दरवाजा अधिक सहज उघडतो. कॅल्शियमचा प्रवाहही वाढतो. चढण दुप्पट उभी झाली, मिलीव्होल्टला १० मिलिसेकंद, आणि पेटण्याचा वेळही आटपून १५० वर आला, तर ३५० मिलिसेकंदांत एक ठोका होतो. मिनिटाला १७० च्या वर. जिना धावत चढलेल्या माणसाची नाडी अशीच कुठेतरी असते.

दोघांच्या वेगात मोठा फरक आहे. व्हेगसचा परिणाम पुढच्याच ठोक्यात दिसू शकतो, कारण पोटॅशियमचे दरवाजे फारशी मधली पायरी न घेता उघडतात आणि अ‍ॅसिटिलकोलिन लगेच नष्टही होतं. सिंपथेटिकला निरोप पेशीतून फिरवावा लागतो, त्यामुळे त्याचा जोर चढायला काही सेकंद लागतात. पलंगावरून उठून उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा जास्त रक्त खाली पायांकडे आणि पोटाकडे सरकतं. त्याच क्षणी नाडी वाढते, ती ब्रेक सुटल्यामुळे. सिंपथेटिक मागून येतं आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सावरतं. दाब सावरला की व्हेगस पुन्हा पाय ठेवतो आणि नाडी थोडी उतरते.

मज्जातंतू खरोखर नसतील तर काय होतं, हे हृदय-प्रत्यारोपणाने दाखवून दिलं. (मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्येच असा प्रयत्न केला होता. पेशंट काही तासच जगला.) प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या जोडता येतात, कापलेले मज्जातंतू जोडता येत नाहीत. नवं हृदय आपल्या एस. ए. नोडवर चालतं आणि बसल्या जागी साधारण ९० ते ११० ठोके देतं. असा पेशंट चालायला लागला की नाडी लगेच वाढत नाही. रक्तातून अ‍ॅड्रिनलिन पोचेपर्यंत काही मिनिटं जातात. थांबल्यावर ती उतरतेही उशिरा. व्हेगसचा परिणाम अडवून नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन अशा हृदयावर चालत नाही, कारण अडवायला व्हेगसच उरलेला नसतो. पुढे काही वर्षांत थोडे तंतू परत उगवतात, पण सगळ्यांत नाही.

मधुमेहात काय होतं

हे अर्धवट स्वरूपात आपल्या आजूबाजूलाही घडतं. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली की मज्जातंतू खराब होतात. पायांच्या मुंग्या सगळ्यांना माहीत असतात, हृदयाच्या मज्जातंतूंचं फारसं कुणी बोलत नाही. लांब तंतू आधी बिघडतात आणि व्हेगस खूप लांब आहे, म्हणून सहसा आधी ब्रेक जातो. बसल्या बसल्या नाडी ९५, १०० किंवा वर, आणि दिवसभर जवळपास तिथेच अडकलेली, ही पहिली खूण. ताप, रक्ताची कमतरता आणि थायरॉईड यांनीही नाडी वाढते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. उलट बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी कमी दिसेल आणि खूण झाकली जाईल.

तपासणी अगदी साधी आहे, ई. सी. जी. पुरतो. पेशंटला मिनिटाला सहा श्वास या गतीने खोल श्वास घ्यायला लावतात. निरोगी माणसाची नाडी श्वास घेताना वाढते, सोडताना कमी होते, कारण व्हेगस श्वासाबरोबर सैल-घट्ट होतो. जास्तीत जास्त आणि कमीत कमी नाडीत १५ किंवा जास्त फरक चांगला, १० किंवा कमी असेल तर संशय. वयाबरोबर हा फरक घटतो, ते डॉक्टर लक्षात घेतात. दुसरी तपासणी उभं राहण्याची: उठल्यानंतरच्या साधारण पंधराव्या ठोक्याजवळचं सर्वांत लहान अंतर आणि तिसाव्याजवळचं सर्वांत मोठं अंतर बघतात. समजा पंधराव्याला ६०० मिलिसेकंद आणि तिसाव्याला ७२०, तर भागाकार १.२ येतो, म्हणजे ब्रेक सुटला आणि परत लागला. दोन्हीकडे ६०० आले, भागाकार १, म्हणजे हृदयाला उभं राहिल्याची खबरच लागली नाही.

आजार पुढे सरकला की सिंपथेटिक तंतूही जातात. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा जास्त उतरतो. हृदयाची वेदना मेंदूकडे नेणारे तंतू याच वाटेने जातात, त्यामुळे अशा पेशंटला हार्ट अ‍ॅटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अंधारी आणि अडकलेली नाडी या दोन्ही गोष्टी आधी सांगाव्यात, कारण भुलेखाली अशा पेशंटचा रक्तदाब अचानक पडू शकतो आणि हृदय तो सावरायला धावत नाही.