दोरी सहा वेळा, आणि वर थोडी

वर्गात २० सेंटीमीटर व्यासाचा गोल डबा न्यावा. कागदावर त्याची कड गिरवायची, वर्तुळ कापून दोनदा घडी घातली की केंद्र सापडते. आता त्रिज्येइतकी, म्हणजे १० सेंटीमीटर दोरी कापून डब्याच्या कडेला चिकटवत गुंडाळायची. तिच्या दोन्ही टोकांच्या खुणा कागदावर उतरवून केंद्राशी जोडल्या की जो कोन होतो, तो एक रेडियन. कोनमापक सुमारे ५७ अंश दाखवतो. लहान डबा आणि त्याच्याच त्रिज्येची दोरी घेतली, तरी कोन तोच.

मग विचारावे, ‘पूर्ण फेरीत अशा किती दोऱ्या बसतील?’ हमखास एक गट ‘बरोब्बर सहा!’ म्हणतो. शिक्षकाने इथे घाई करू नये. त्या मुलांनी दोरी कडेवरून न नेता खुणेपासून खुणेपर्यंत सरळ ताणलेली असते. ती झाली जीवा. तिचा कोन ६० अंश, म्हणून सहा जीवांचा षटकोन नेमका जुळतो. कडेवरून नेली, तर सहा दोऱ्यांनंतर २.८ सेंटीमीटर कड उघडी राहते. परीघ ६२.८ सेंटीमीटर, म्हणून फेरी ६.२८ रेडियनची, म्हणजेच 2π. सुतळी मात्र नको. ती ताणली जाते आणि ही फटच गायब होते.