फ्रूट पायचा ओला तळ

बीबीसीवर 2010 साली ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या परीक्षक मेरी बेरी यांच्यामुळे ‘सॉगी बॉटम’ हा शब्दप्रयोग ब्रिटनमध्ये घरोघरी पोचला. पाय वरून सोनेरी दिसतो, कडा खुसखुशीत असतात. मात्र तुकडा कापून उचलला की खालची पारी ओली, पांढरट आणि गिच्च निघते. फळांच्या पायमध्ये हा दोष सर्वांत जास्त दिसतो, कारण त्याच्या सारणात मुळातच पाणी भरपूर असतं.

पारी म्हणजे मैदा, थंड लोणी आणि अगदी थोडं पाणी. ओव्हनमध्ये गेल्यावर लोणी 32 ते 35 अंश सेल्सियसलाच वितळायला लागतं. मैद्यातला स्टार्च फुगून पारी आकार धरते ती मात्र त्याच्या बऱ्याच नंतर. या मधल्या वेळात पारी सर्वांत दुबळी असते आणि नेमका तेव्हाच साखर लागलेल्या फळांचा रस सुटत असतो. तो रस पारीत मुरला की पुढची अडचण पाण्याच्या स्वभावातच आहे. जिथे पाणी आहे तिथलं तापमान 100 अंशांच्या वर फारसं जात नाही, आणि पारीला तपकिरी रंग व भाजल्याची चव यायला साधारण 140 अंश तरी लागतात. त्यामुळे वरची पारी भाजली जाते आणि खालची उकडीच्या मोदकासारखी नुसती शिजते. मोदकाला ते शोभतं, पायला नाही.

म्हणून तळ वाचवायचा तर दोनच मार्ग उरतात: रस कमी वाहील असं करायचं, किंवा रस पोचण्याआधी तळाला उष्णता द्यायची. रस आवरतो तो दाटपणा आणणारा पदार्थ. तळाला उष्णता मिळते ती ओव्हनमधल्या जागेमुळे किंवा पारी आधीच भाजून घेतल्यामुळे.

उदाहरणाला आंबट चेरीचा पाय घेऊ. अमेरिकेत मिशिगन राज्य या चेरीसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथली मुख्य जात मॉन्टमोरेन्सी. तिचा हंगाम उन्हाळ्यातले काही आठवडेच असतो, त्यामुळे एरवी पाय होतो तो फ्रोझन चेरीचा. फ्रीझरमध्ये फळाच्या पेशी फुटलेल्या असतात, म्हणून वितळताना ती धो धो रस सोडते. ओला तळ होण्यासाठी याहून चांगली सोय नाही, आणि म्हणूनच उपाय शिकायलाही हेच फळ बरं.

23 सेंटीमीटरच्या म्हणजे नऊ इंची साच्यासाठी बिया काढलेल्या 900 ग्रॅम चेरी लागतात. त्या चाळणीत ठेवून पूर्ण वितळू द्यायच्या आणि खाली जमलेला रस टाकायचा नाही. रस गार असतानाच त्यात 200 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि 40 ग्रॅम कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होता मिसळायचं. अमेरिकन कृतींत ज्याला कॉर्नस्टार्च म्हणतात तीच ही आपल्या दुकानातली पांढरी पूड. मग मध्यम आचेवर सतत ढवळत रस उकळू द्यायचा. सुरुवातीला तो दुधाळ दिसतो. उकळी येऊन घट्ट झाला की दुधाळपणा जाऊन चकाकी येते, आणि ती आली की आणखी मिनिटभर ठेवून गॅस बंद करायचा. आता चेरी घालायच्या, वाटल्यास बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब, आणि मिश्रण पूर्ण गार करायचं. कोमट सारण पारीत ओतलं तर लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

रस आधीच शिजवण्याचं कारण असं, की स्टार्च नुसता मिसळून दाट होत नाही. त्याचे कण पाणी पिऊन फुगावे लागतात आणि कॉर्नफ्लोअरच्या बाबतीत ते जवळजवळ उकळीपर्यंत जावं लागतं. भरपूर साखर असली तर फुगायला आणखी उशीर होतो, कारण पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. कच्चं सारण भरलं, तर पायचा मधला भाग उकळेपर्यंत रस पातळच राहतो आणि तेवढा सगळा वेळ तो तळाशी बसलेला असतो.

मैदा वापरला तर? जुन्या कृतींमध्ये मैदाच असतो, पण त्याची दाट करण्याची ताकद कॉर्नफ्लोअरच्या साधारण निम्मी. म्हणजे दुप्पट घालावा लागतो आणि सारण धुरकट, पिठूळ होतं. सफरचंदात पेक्टिन असतं, रसही बेताचा, तिथे मैदा चालून जातो. चेरी किंवा ब्लूबेरीला मी तो वापरणार नाही.

माझ्या मते रसाळ फळांसाठी सर्वांत चांगला टॅपिओका स्टार्च. तो आंबटपणा कॉर्नफ्लोअरपेक्षा बरा सोसतो, लवकर दाट होतो, आणि सारण काचेसारखं स्वच्छ दिसतं. 900 ग्रॅम चेरीला तो साधारण 50 ग्रॅम लागतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा पदार्थ परका नाही. आपला साबुदाणा त्याच कंदाच्या स्टार्चपासून होतो, आणि कोरडा साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून चाळून घेतला तर काम भागतं. अख्खा दाणा मात्र घालू नये. जाळीदार पारीतून वर डोकावणारे दाणे कोरडे राहतात आणि दाताखाली कचकच लागतात. टॅपिओकाचा दोष म्हणजे प्रमाण जास्त झालं की सारण चिकट आणि तारेसारखं ओढलं जातं. आरारूटही स्वच्छ दिसतं, पण फार वेळ उष्णतेत राहिलं की त्याची पकड सुटते. तासभर भाजायच्या पायला ते जोखमीचं. पाय करून फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर कॉर्नफ्लोअर टाळा, कारण गोठून वितळल्यावर त्याचा जेल पाणी सोडतो.

आता ओव्हन. बहुतेक घरांत पाय मधल्या रॅकवर ठेवला जातो आणि ओल्या तळाचं निम्मं कारण तेच असतं. मधल्या रॅकवर वरची पारी आधी रंगते. ती करपेल या भीतीने पाय बाहेर येतो, तेव्हा तळ अजून फिकटच असतो. पाय सर्वांत खालच्या रॅकवर हवा, आणि तोही रिकाम्या जाळीवर नव्हे. तिथे आधीच बेकिंग स्टील, पिझ्झा स्टोन किंवा निदान एक जाड, कडा असलेला ट्रे ठेवून 220 अंशांवर अर्धा तास ते पाऊण तास तापवायचा. पाय थेट त्यावर ठेवला की हवेतून येणाऱ्या उष्णतेपेक्षा धातूच्या स्पर्शातून येणारी उष्णता फार झपाट्याने आत शिरते आणि रस मुरायच्या आत तळ आकार धरतो. कडा असलेला ट्रे यासाठी, की उतू आलेला रस ओव्हनच्या तळावर सांडून धूर होऊ नये.

आपला चेरी पाय असा तापलेल्या ट्रेवर 220 अंशांवर 25 मिनिटं ठेवायचा, मग तापमान 190 वर आणून आणखी 35 ते 40 मिनिटं. वरची जाळी लवकर रंगली तर तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइल सैल ठेवायचं, पाय बाहेर काढायचा नाही. झाल्याची खूण कडेला नसते, मध्यभागी असते. मधल्या फटीतून बुडबुडे येतात, आणि ते पाण्यासारखे भराभर न फुटता जड, सावकाश फुटतात.

साचाही महत्त्वाचा. बिनचकाकीचा ॲल्युमिनियमचा साचा उष्णता पटकन पोचवतो. जाड सिरॅमिकचा देखणा साचा या कामात सर्वांत मागे. काचेच्या साच्याची मोठी सोय म्हणजे तळ खालून दिसतो, पण फ्रीजमधला गार काचेचा साचा तापलेल्या स्टीलवर कधीही ठेवू नका, तडा जाऊ शकतो.

ब्लाइंड बेकिंग, म्हणजे रिकामी पारी आधी भाजून घेणं, हा उपाय अनेकजण सगळीकडे सुचवतात. मला तो सरसकट पटत नाही. वरही पारी असलेल्या पायमध्ये खालची पारी आधी भाजली तर दोन्ही कडा नीट चिकटत नाहीत आणि फटीतून रस बाहेर येतो. आपल्या चेरी पायला शिजवलेला रस आणि तापलेला ट्रे पुरतात. रिकामी पारी भाजावीच लागते ती सारण ओव्हनमध्ये जाणारच नसेल तेव्हा. त्याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे अमेरिकेतला ताज्या स्ट्रॉबेरीचा पाय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या दिवसांत तो इथेही छान होतो.

त्यासाठी पारी साच्यात बसवून निदान अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची. नाहीतर कडा ओव्हनमध्ये घसरून खाली बसतात. मग वर बेकिंग पेपर घालून राजमा किंवा तांदूळ काठोकाठ भरायचे. तळापुरते चार दाणे टाकले तर कडांना आधार मिळत नाही. 190 अंशांवर 20 ते 25 मिनिटांनी कडा कोरड्या दिसल्या की वजन आणि कागद काढायचा. इथेच घाई होते, कारण कागदाखालचा भाग अजून कच्चा असतो. तळ सोनेरी होईपर्यंत उघडीच आणखी 12 ते 15 मिनिटं भाजायची. काट्याने टोचे मारले असतील तर गरम पारीवर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात फिरवून दोन मिनिटं परत आत ठेवायची, म्हणजे भोकं बुजतात. एक तृतीयांश स्ट्रॉबेरी कुस्करून साखर आणि कॉर्नफ्लोअरबरोबर उकळायच्या, गार करायच्या, उरलेल्या अख्ख्या फळांत मिसळून पारीत भरायच्या. एवढं करूनही ही पारी दुसऱ्या दिवशी मऊ पडते. हा पाय त्याच दिवशी संपवायचा.

आपल्याकडच्या ओटीजीत रॅक खाली नेणं सोपं आहे, शिवाय फक्त खालचा रॉड चालू ठेवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. पहिली 20 मिनिटं तोच चालू ठेवावा. लहान ओटीजीत खालचा रॅक रॉडच्या फार जवळ येतो, तिथे एक घर वर घेऊन जाड ट्रे ठेवावा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये मात्र बहुधा खाली रॉडच नसतो. गरम हवा मागून किंवा वरून येते आणि तळ फिकट राहतो. तिथे फळांचा बंद पाय करण्याच्या भानगडीत पडू नये. पारी रिकामी भाजून वर शिजवलेलं सारण भरावं, ते त्या यंत्राला झेपतं.

पाय बाहेर आल्यावर तारेच्या स्टँडवर निदान चार तास गार होऊ द्या. स्टार्चचा जेल गार होतानाच घट्ट बसतो. गरम असताना कापला तर रस वाहत जाऊन भाजलेला तळही भिजवतो. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. ओव्हनच्या खालच्या रॅकवर 180 अंशांवर 15 मिनिटं ठेवलात तर तळ पुन्हा बराचसा कुरकुरीत होतो.