कराचा नाका कुठे असतो?

30 जून 2017 च्या मध्यरात्रीपर्यंत मुंबईत शिरणाऱ्या प्रत्येक मालट्रकला नाक्यावर थांबावं लागत असे. मुलुंडला, दहिसरला रात्री उशिरापर्यंत ट्रकची रांग असायची. ड्रायव्हर कागदपत्रांची पिशवी घेऊन खिडकीशी जायचा, माल काय आहे आणि किती किमतीचा आहे हे पाहून जकात ठरायची, पावती फाटायची आणि मगच ट्रक पुढे सरकायचा. दुसऱ्या दिवसापासून जीएसटी लागू झाला आणि जकात संपली.

त्या नाक्यामागचा विचार अगदी साधा होता. शहरात हजारो दुकानं असतात. प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यात डोकावणं कोणत्याच महापालिकेला शक्य नसतं. शहरात येणारे मोठे रस्ते मात्र मोजकेच असतात. जिथे पैसा किंवा माल थोड्याशा दारांतून जातो, तिथेच कर वसूल करणं सोपं असतं. हे एक सूत्र धरून ठेवलं, तर श्रीमंत देश उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त कर कसा गोळा करतात आणि गरीब देशांची वसुली दहा-पंधरा टक्क्यांवरच का अडते, हे बरंच उलगडतं.

हे मोजण्याचं माप म्हणजे कर-जीडीपी गुणोत्तर. देशात वर्षभरात वस्तू आणि सेवांच्या रूपाने जेवढी मूल्यनिर्मिती झाली, तो जीडीपी. त्यातला किती भाग सरकारकडे कराच्या रूपाने आला, हे या गुणोत्तरातून कळतं. आपल्याच देशाचं गणित मांडून पाहू. 2023-24 मध्ये केंद्र सरकारचा एकूण करमहसूल सुमारे 34.65 लाख कोटी रुपये होता. त्या वर्षाचा जीडीपी मे 2024 मध्ये 295 लाख कोटींच्या आसपास जाहीर झाला. भागाकार केला की उत्तर येतं 11.7 टक्के.

या गणितात चुकण्याच्या दोन जागा आहेत. पहिली चूक अंशात होते. 11.7 टक्के हा आकडा फक्त केंद्राच्या करांचा आहे. पेट्रोलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, घराच्या नोंदणीचं मुद्रांक शुल्क आणि जीएसटीतला राज्याचा हिस्सा हे सगळं राज्य सरकारं वेगळं गोळा करतात. ते धरलं की भारताचं गुणोत्तर 17-18 टक्क्यांच्या घरात जातं. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेची सरासरी सुमारे 34 टक्के आहे, पण तिच्यात केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था अशा सगळ्यांचे कर येतात. शिवाय पगारातून सक्तीने जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणीही तिच्यात मोजलेली असते. म्हणून 11.7 ची तुलना 34 शी केली, तर ती अर्ध्या आकड्याची पूर्ण आकड्याशी तुलना ठरते. उलट बाजूचीही एक चूक होते. केंद्राच्या 34.65 लाख कोटींतले सुमारे 11.3 लाख कोटी राज्यांना वाटून दिले गेले. राज्यांचा महसूल मिळवताना ही रक्कम पुन्हा धरली, तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. राज्यांचे फक्त स्वतःचे कर मिळवायचे असतात.

दुसरी चूक छेदात होते. 2023-24 चा जीडीपी फेब्रुवारी 2025 मध्ये सुधारला गेला आणि 301 लाख कोटींवर पोहोचला. कराचा एक रुपयाही कमी झाला नव्हता, तरी गुणोत्तर 11.7 वरून 11.5 वर आलं. नायजेरियात हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला. एप्रिल 2014 मध्ये तिथल्या सांख्यिकी खात्याने जीडीपी मोजण्याचं 1990 हे आधारवर्ष बदलून 2010 केलं. मधल्या वीस वर्षांत वाढलेले मोबाइल आणि चित्रपटांसारखे व्यवसाय आता हिशेबात आले आणि 2013 चा जीडीपी एकदम 89 टक्क्यांनी फुगला. साहजिकच त्या देशाचं कर-जीडीपी गुणोत्तर एका रात्रीत जवळजवळ निम्म्यावर आलं. नागरिक तेच होते आणि कर भरणंही तेच होतं. आधीच्या आकड्यात एवढी मोठी आर्थिक उलाढाल दिसतच नव्हती, इतकंच.

आता या छेदात नेमकं काय काय बसतं ते जवळून पाहू. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने पिकवलेली ज्वारी विकली नाही, घरच्या कणगीत भरून वर्षभर खाल्ली, तरी तिची किंमत जीडीपीत धरली जाते. आपल्याच घरात राहणाऱ्या माणसाने भाडं भरलेलं नसतं, पण ते घर भाड्याने असतं तर जेवढं भाडं आलं असतं, तेही जीडीपीत येतं. नाक्यावरची वडापावची गाडीही जीडीपीत आहे. तिची वही कोणी तपासत नाही. सांख्यिकी खातं अशा छोट्या उद्योगांची नमुना पाहणी करतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. म्हणजे ज्वारी, घर आणि वडापावची गाडी ही तिन्ही छेदात हजर असतात, पण करवसुलीच्या अंशात त्यांच्यापैकी कोणाचंच फारसं काही येत नाही. ज्या देशाच्या जीडीपीचा मोठा भाग असा आहे, त्याचं गुणोत्तर कमीच राहणार. त्यासाठी तिथली माणसं अप्रामाणिक असायला हवीत असं नाही.

प्रामाणिकपणाचा मुद्दा डेन्मार्कमध्ये प्रत्यक्ष तपासला गेला आहे. डेन्मार्कचं गुणोत्तर चाळीस टक्क्यांच्या पुढे आहे आणि तिथले लोक मुळातच शिस्तीचे, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. तिथल्या कर खात्याने अर्थतज्ज्ञांना सोबत घेऊन 40 हजारांहून जास्त करदात्यांवर एक मोठा प्रयोग केला. त्यातल्या काहींची विवरणपत्रं कसून तपासली, काहींची तपासली नाहीत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके होते. पगार, निवृत्तिवेतन, बँकेचं व्याज या उत्पन्नांची माहिती मालक किंवा बँक परस्पर खात्याला कळवते. तिथे लपवाछपवी जवळजवळ शून्य होती. जे उत्पन्न माणूस स्वतःच सांगतो, म्हणजे स्वतःच्या धंद्याचं, तिथे मात्र डेन्मार्कमधली माणसंही बरंच लपवत होती. त्या देशातलं 95 टक्क्यांच्या आसपास उत्पन्न तिसऱ्याच कोणाकडून कळवलं जातं, म्हणून एकूण चोरी नगण्य राहते.

इथे मुलुंडचा नाका पुन्हा आठवतो. आधुनिक काळात पगारपत्रक हाच नाका झाला आहे. एका कंपनीत पाच हजार लोक काम करत असतील, तर त्यांच्या उत्पन्नावर कर घेण्यासाठी सरकारला एकाच दारापाशी उभं राहावं लागतं. कंपनी दर महिन्याला टीडीएस कापते आणि पैसे हातात पडण्याआधीच कर जमा झालेला असतो. कंपनीलाही खोटं सांगण्यात फायदा नसतो, कारण दिलेला पगार हा तिच्या दृष्टीने खर्च असतो आणि तो पूर्ण दाखवला तरच तिचा स्वतःचा कर कमी होतो. दोघांचे हितसंबंध विरुद्ध असल्यामुळे खरा आकडा आपोआप बाहेर येतो. तेच पाच हजार लोक पाच हजार टपऱ्या चालवत असतील, तर सरकारला पाच हजार दारं ठोठवावी लागतील आणि प्रत्येक दारापाशी सांगेल ते ऐकून घ्यावं लागेल. डेन्मार्कमध्ये दर दहा कामकरी माणसांत जेमतेम एक जण स्वतःचा धंदा करतो. भारतात स्वयंरोजगारात असलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून जास्त आहे.

श्रीमंत देशांतही हा नाका पहिल्यापासून नव्हता. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाआधी सुमारे 40 लाख लोकच आयकर भरत होते. युद्धाच्या खर्चासाठी करपात्र उत्पन्नाची मर्यादा खाली आणली गेली, 1943 मध्ये पगारातूनच कर कापण्याची पद्धत सुरू झाली आणि युद्ध संपेपर्यंत करदाते चार कोटींवर गेले. ब्रिटनने तशीच पद्धत 1944 मध्ये आणली. ती चालू शकली, कारण तोपर्यंत तिथले बहुतेक लोक कारखान्यांत आणि कार्यालयांत पगारावर काम करत होते.

पगाराचा नाका नसेल, तर गरीब देश दुसरे नाके शोधतात. बंदरावरची आयात त्यांपैकी एक. पेट्रोल आणि दारू हे आपल्याकडचे दुसरे. पेट्रोल मोजक्या तेलकंपन्यांच्या डेपोंतून निघतं आणि दारू परवाना असलेल्या कारखान्यांतून. राज्य सरकारं या दोन वस्तूंना जीएसटीबाहेर ठेवण्याचा आग्रह का धरतात, हे त्यातून कळतं.

उत्पन्नाची पातळी आणखी एका बाजूने आड येते. भारतात माणशी जीडीपी वर्षाला अडीच लाखांहून कमी आहे, तर 2025-26 पासून नव्या करप्रणालीत साधारण 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. म्हणजे सरासरी माणूस त्या उंबरठ्यापासून फार लांब आहे. ज्याच्या कमाईचा मोठा भाग खाण्यापिण्यातच जातो, त्याच्याकडून थोडासा कर घेण्यासाठी होणारा खर्च अनेकदा त्या करापेक्षा जास्त असतो. त्यातच शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेला नाही. तो राज्यांकडे आहे आणि राज्यं तो जवळजवळ वापरतच नाहीत.

तरीही श्रीमंती आणि जास्त कर यांची जोडी सगळीकडे जुळत नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचा पगार पूर्णच्या पूर्ण खात्यात जमा होतो, कारण संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही. तिथल्या सरकारकडे तेलाचा पैसा आहे. तो नागरिकांच्या खिशातून येत नाही आणि त्याचा मोठा भाग करांत मोजलाही जात नाही. अशा देशाचं गुणोत्तर कमी दिसतं, पण म्हणून तिथलं सरकार दुबळं ठरत नाही.

जीएसटीने जकातीच्या नाक्याची जागा घेतली ती याच विचाराने. घाऊक व्यापाऱ्याचं बिल असलं तरच किरकोळ दुकानदाराला आधी भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून प्रत्येक जण मागच्याकडे बिल मागतो. ही साखळी शेवटच्या गिऱ्हाइकापाशी मात्र तुटते. दुकानदार जेव्हा विचारतो, "बिल हवं का? मग थोडे जास्त होतील," तेव्हा बिल नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाचं काहीच नुकसान होत नाही, कारण त्याला वजावट मिळणार नसते. सगळा कागदोपत्री डोलारा त्या एका प्रश्नावर येऊन थांबतो.

म्हणून गुणोत्तर एक टक्क्याने वाढलं अशी बातमी आली, की तीन गोष्टी पाहाव्यात. जीडीपीचा छेद बदलला आहे का? तेच करदाते जास्त दराने भरत आहेत का? की पूर्वी न दिसणारा एखादा व्यवहार आता कोणाच्या तरी वहीत दिसू लागला आहे? 300 लाख कोटींच्या अर्थव्यवस्थेत एक टक्का म्हणजे तीन लाख कोटी रुपये. ते या तिसऱ्या वाटेने आले असतील, तर देशाच्या कमाईत खरोखर एक नवा नाका उभा राहिला आहे.