परवाना संपला, पाटी उतरवा

२१ ऑगस्ट २०१७ रोजी मॅकडोनाल्ड्सच्या भारतीय कंपनीने उत्तर आणि पूर्व भारतातील १६९ उपाहारगृहांचे फ्रँचायझी करार संपवल्याची नोटीस दिली. ती चालवणाऱ्या कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स या कंपनीने रॉयल्टी थकवल्याचा आणि संधी देऊनही करारभंग दूर न केल्याचा आरोप होता. नाव, ट्रेडमार्क, रचना आणि कामाची पद्धत यांचा वापर १५ दिवसांत थांबवावा, असे कळवण्यात आले. मुंबई-पुण्याची दुकाने दुसऱ्या कंपनीकडे असल्याने त्यांना धक्का लागला नाही.

ट्रेडमार्क कायद्यानुसार परवानाधारकाने परवानगीने केलेला वापर हा मालकाचाच वापर मानला जातो. परवाना संपला की हे संरक्षण जाते आणि तीच पाटी ट्रेडमार्कचे उल्लंघन ठरू शकते. त्यामुळे परवाना नेमका कोणत्या तारखेला संपला, याला फार महत्त्व येते. नोटिशीत कराराची तारीख, मोडलेले कलम, थकलेली रक्कम आणि दुरुस्तीसाठी आधी दिलेली मुदत यांचा उल्लेख हवा. करारात ३० दिवसांची मुदत असताना ती न देताच परवाना काढला, तर मालकाची बाजू चांगली असूनही कोर्टात लंगडी पडते.

खरी कसोटी वापर थांबवण्याच्या सूचनांत असते. ‘आमचे चिन्ह ताबडतोब वापरणे बंद करा’ एवढे वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे. चिन्ह पाटीवर असते, तसेच गणवेशावर, बिलाच्या वर, घरपोच सेवेच्या ॲपवर, संकेतस्थळाच्या पत्त्यात आणि गोदामातल्या कागदी पिशव्यांवरही असते. चांगली नोटीस यातील प्रत्येक गोष्ट नाव घेऊन सांगते: पाटी अमुक तारखेपर्यंत उतरवावी, ॲपवरील नोंद काढावी, कार्यपुस्तिका परत करावी. छापील पिशव्यांचे काय करायचे, हे न सांगितल्यास त्या वर्षभर फिरत राहतात. शिल्लक माल विकायला मुदत द्यायची की तो नष्ट करायचा, हे करारात पाहून लिहावे लागते. शेवटी सूचना पाळल्याचे लेखी प्रतिज्ञापत्र, छायाचित्रांसह, मागितले जाते. मुदत उलटल्यावर मालकाचा माणूस ग्राहक म्हणून जातो, काहीतरी विकत घेतो आणि बिल जपून ठेवतो. पुढे मनाई हुकूम मागताना तेच कामी येते.

नोटिशीने वाद मिटतोच असे नाही. वरील प्रकरणात मुदत संपूनही बरीच उपाहारगृहे चालू राहिली. कंपनी न्यायाधिकरणापासून लंडनच्या लवादापर्यंत भांडण पोहोचले आणि मे २०१९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने भागीदाराचा हिस्सा विकत घेतल्यावर तडजोड झाली.

नोटीस पाठवल्यानंतर मालकाच्या हिशेब विभागाने नेहमीप्रमाणे रॉयल्टीचा धनादेश वटवला, तर करार चालूच आहे असे म्हणायला समोरच्याला वाव मिळतो. म्हणून आलेली रक्कम जुन्या थकबाकीपोटी स्वीकारली जाईल आणि तिने करार पुन्हा सुरू होणार नाही, असे नोटिशीतच लिहिलेले बरे.