ठोकरून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर भरपाई कोण देणार?

सोलापूर–धुळे महामार्गावर, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, रात्री एका दुचाकीस्वाराला मागून ट्रकने उडवलं असं समजा. ट्रक निघून गेला, नंबर कुणी पाहिला नाही, दुचाकीस्वार जागीच गेला. पोलिसांनी अज्ञात वाहनावर गुन्हा नोंदवला. मालक माहीत नाही, विमा कंपनीही माहीत नाही. मग घरच्यांनी दाद मागायची कुणाकडे?

अशा वेळी पैसे सरकारी योजनेतून मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालील ही योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये, गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. आधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. हाड मोडणं गंभीर दुखापतीत येतं, पण नुसतं खरचटलं असेल तर काही मिळत नाही.

अर्ज कुठे करायचा?

अपघात जिथे झाला त्या भागाच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे. मृत व्यक्ती बीडची असली, तरी अपघात वाशी तालुक्यात झाला असेल तर आधी वाशीच्या तहसील कार्यालयात चौकशी करा. अर्जासोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, मृताची आणि अर्जदाराची ओळखपत्रं आणि बँक पासबुकची प्रत लागते. जखमी असेल तर उपचारांचे कागद लावायचे.

चौकशी अधिकाऱ्याने महिनाभरात जिल्हाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवायचा, त्यांनी १५ दिवसांत मंजुरी द्यायची आणि पुढच्या १५ दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने पैसे थेट खात्यात जमा करायचे. म्हणजे सगळं मिळून साधारण दोन महिने.

मग अडतं कुठे?

लोकांना योजनाच माहीत नसते. २०२२ मध्ये देशात असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, पण २०२२-२३ या आर्थिक वर्षात अर्ज आले फक्त २०५. हे पाहून १२ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवर जबाबदारी टाकली. महिनाभरात गाडी सापडली नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची आहे. असं पत्र आलं नसेल, तर एफआयआरची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात ते मागा.

एक अट लक्षात ठेवा. अर्जासोबत हमीपत्र द्यावं लागतं. पुढे गाडी सापडली आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाने मोठी भरपाई दिली, तर योजनेतून घेतलेली रक्कम परत जाते. त्यामुळे योजनेचे पैसे घेतले म्हणून गाडी सापडल्यावरचा मोठ्या भरपाईचा दावा बुडत नाही. एकाच अपघाताचे पैसे दोनदा मिळत नाहीत, एवढाच त्या अटीचा अर्थ.