टोकनचा क्रमांक आणि घराचा पत्ता

एखाद्या सकाळी पनवेलमधील व्यापाऱ्याच्या मोबाइलवर निरोप येतो: "तुमचा आयपी अ‍ॅड्रेस आमच्या हाती आला आहे. तुमचे घर आम्हांस ठाऊक आहे. दोन दिवसांत पैसे न पाठविल्यास परिणाम भोगावे लागतील." सोबत नकाशाचे चित्र असते आणि त्यावर लाल खूण. घरातील मंडळी घाबरतात. वडीलधारे म्हणतात, "देऊन टाका, जिवापेक्षा पैसा मोठा नाही." पैसे देण्यापूर्वी ती खूण नेमकी कोठे पडली आहे, हे मात्र निवांतपणे पाहावे. बहुधा ती मुंबईत किंवा नवी मुंबईत कोठेतरी पडलेली असते, आपल्या गल्लीत नव्हे. असे का होते, हे समजले की भीतीचा बराचसा भार उतरतो.

इंटरनेटवर पाठविलेल्या मागणीचे उत्तर परत यावे म्हणून प्रत्येक जोडणीला एक क्रमांक लागतो. नमुन्यादाखल तो 203.0.113.45 असा दिसतो. हा क्रमांक आपल्या मालकीचा नसतो. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीजवळ अशा क्रमांकांचे गठ्ठे असतात आणि आपली जोडणी चालू असेपर्यंत ती त्यांतील एक आपणांस वापरावयास देते. पूर्वी बँकेत धनादेश दिल्यावर हाती पितळी टोकन मिळत असे, त्याची येथे आठवण होते. टोकन क्रमांक २७ सकाळी एका खातेदाराच्या हाती असे, दुपारी दुसऱ्याच्या. टोकनावर बँकेचे नाव असे, खातेदाराचे नसे. ते कोणाच्या हाती होते, हे केवळ बँकेच्या नोंदवहीवरून कळे, आणि तेही वेळ ठाऊक असेल तरच.

मग नकाशावर खूण कोठून येते? काही खाजगी कंपन्या या गठ्ठ्यांच्या याद्या बाळगतात. अमुक गठ्ठा कोणत्या कंपनीच्या नावे नोंदला आहे, तिचे यंत्र कोणत्या शहरात आहे, संदेश तेथवर जाऊन परत येण्यास किती वेळ लागतो, अशा खुणांवरून त्या शहराचा अंदाज बांधतात. पनवेलमधील जोडणीची वाहतूक मुंबईतील यंत्रातून बाहेर पडत असेल, तर यादीत "मुंबई" असे येणे स्वाभाविक आहे. मोबाइलवर तर हा अंदाज अधिकच सैल होतो. चौथ्या आवृत्तीच्या जुन्या क्रमांकपद्धतीत एकूण सुमारे ४३० कोटीच क्रमांक आहेत आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आहे. म्हणून मोबाइल कंपन्या एकाच क्रमांकामागे पुष्कळ ग्राहक एकाच वेळी बसवितात. त्या क्रमांकावरून एक घर निवडणे बाहेरच्या माणसास अशक्यच.

नकाशाला मात्र "अंदाजे" म्हणता येत नाही. त्याला कोठेतरी एक टिंब द्यावेच लागते. याचा विलक्षण परिणाम अमेरिकेत दिसला. तेथील मॅक्समाइंड या कंपनीच्या यादीत ज्या क्रमांकांचा केवळ देश ठाऊक होता, शहर नव्हते, त्यांच्यासाठी देशाच्या मध्याजवळचा एक गोळाबेरीज केलेला बिंदू लिहिला जाई. तो बिंदू कॅन्सस राज्यातील पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर पडत होता. साठ कोटींहून अधिक क्रमांक अशा रीतीने त्या एका घराच्या नावे दिसत होते. चोरी झालेल्या वस्तू शोधणारे लोक, पोलीस, तपास अधिकारी तेथे वर्षानुवर्षे येऊन थडकत. २०१६ साली एका पत्रकाराने हे उघडकीस आणले, तेव्हा कंपनीने तो बिंदू एका तलावात हलविला. यादी चुकली नव्हती. "या देशात कोठेतरी" याचा अर्थ लोकांनी "याच दारात" असा केला होता.

तर मग पोलीस गुन्हेगारापर्यंत पोहोचतात कसे? नकाशावरून नव्हे, नोंदवहीवरून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ अन्वये पोलीस कंपनीकडून लेखी माहिती मागवू शकतात: अमुक क्रमांक अमुक दिवशी अमुक वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता? हा दरवाजा धमकी देणाऱ्यास उघडा नाही. पण हा अधिकृत मार्गही वेळेच्या अचूकतेवरच उभा आहे. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह चित्र टाकल्याच्या प्रकरणी पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्यास अटक केली. आयपी क्रमांकावरून मिळालेला ग्राहकाचा तपशील त्याच्याच नावाचा होता. तो सुमारे पन्नास दिवस कारागृहात राहिला आणि नंतर उघड झाले की, तो माणूस तो नव्हेच. मध्यरात्रीनंतरचा एक वाजून गेलेला की दुपारचा, याची गल्लत झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. टोकन तेच, वेळ निराळी, आणि भलताच खातेदार पुढे उभा!

वेळेची आणखी एक फसगत आपल्या ध्यानी असावी. संगणकाच्या नोंदी पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. नोंदीत १४ तारखेचे २०:०५ असे असेल, तर आपल्याकडे १५ तारखेची पहाटेपूर्वीची १ वाजून ३५ मिनिटे झालेली असतात. तारीखच बदलते. म्हणून तक्रार देताना तारीख, रात्र किंवा दिवस, आणि कोणती प्रमाणवेळ, हे तिन्ही स्पष्ट लिहावे.

धमकी देणाऱ्याने खरोखरच आपला अचूक पत्ता लिहिला असेल, तर तो आयपी क्रमांकावरून आलेला नाही, अन्यत्र कोठून तरी आला आहे, असे समजावे. व्यापारी घरांत ते ठिकाण बहुधा उघडेच असते. जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचे मुख्य ठिकाण कोणालाही दिसते. दुकान घरातच असेल तर तोच घराचा पत्ता. बिलावर, भेटकार्डावर, माल पोहोचविण्याच्या चिठ्ठीवरही तो छापलेला असतो. त्याखेरीज मोबाइलवरील एखाद्या अ‍ॅपला आपण स्वतः "स्थान" पाहण्याची परवानगी दिलेली असेल, तर ते उपग्रहांच्या साहाय्याने थेट आपल्या इमारतीपर्यंत पोहोचते. ही वाट निराळी आहे आणि तिचे कुलूप आपल्याच हाती आहे: मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, कोणत्या अ‍ॅपला ही परवानगी आहे ते पाहावे आणि अनावश्यक असेल तेथे ती काढून घ्यावी.

स्वतः खात्री करावयाची असल्यास घरच्या वायफायवर आयपी स्थान दाखविणारे एखादे संकेतस्थळ उघडावे, दिसलेले शहर लिहून ठेवावे, मग वायफाय बंद करून मोबाइलच्या जोडणीवर तेच पुन्हा पाहावे. आपण त्याच खुर्चीत बसलेले असताना शहर बदलल्याचे अनेकदा दिसेल. मात्र संकेतस्थळाने "स्थान पाहू द्यावे काय" असे विचारल्यास नकार द्यावा, नाहीतर परीक्षा आयपी क्रमांकाची न होता उपग्रहाची होईल.

धमकीचा निरोप आल्यास उत्तर देऊ नये, पैसे पाठवू नयेत, निरोप पुसूही नये. तो जसाच्या तसा, वेळेसह जपून ठेवावा आणि cybercrime.gov.in येथे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. निरोप पाठविणाऱ्याच्या हातीही टोकन होतेच, आणि त्याची नोंदवही मागविण्याचा अधिकार पोलिसांना आहे.